पहिल्या ओट्यासाठी: कुकर, तवा आणि एक सुरी



वर्गाला नाव घातल्याचा तुझा मेसेज मिळाला आणि त्यासोबत पाठवलेली खरेदीची यादीही. नॉनस्टिक भांड्यांचा संच, लाकडी ठोकळ्यात खोचलेल्या सुऱ्या, दोरी ओढून भाजी चिरायचं यंत्र, सँडविच टोस्टर, एअर फ्रायर. वारज्यातल्या त्या खोलीचा ओटा फोटोत दिसतो तेवढाच असेल, तर हे सगळं मांडल्यावर कणीक मळायला परातीपुरतीही जागा उरायची नाही. तेव्हा ती यादी तूर्त बाजूला ठेव. तुला रोज काय खायचं आहे ते तूच लिहिलं आहेस: वरण-भात, एखादी भाजी, पोळ्या, सकाळी पोहे नाहीतर उपमा, आणि चहा. भांडी या जेवणावरून ठरवायची. लातूरला आईच्या मांडणीवर दिसतं ते सगळं संसारात हळूहळू जमलेलं आहे. ते पहिल्याच महिन्यात उभं करायचा हट्ट नको.

आणि त्याही आधी आच ठरव. घरमालक गॅस देणार आहेत की तुला इंडक्शनवर भागवायचं आहे, हे कळेपर्यंत एकही भांडं घेऊ नकोस. इंडक्शनची शेगडी भांडं चुंबकाच्या तत्त्वावर तापवते, त्यामुळे ज्या भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटतो तेच तिच्यावर चालतं. साधा ॲल्युमिनियमचा कुकर किंवा पितळेचं पातेलं तिच्यावर ठेवलंस तर शेगडी नुसती टुकटुक आवाज करत बसेल. फ्रिजवर लावायचा छोटा चुंबक खिशात ठेवून दुकानात जा आणि बुडाला लावून बघ. स्टीलचीही सगळी भांडी चालत नाहीत, म्हणून हे तपासणं आलंच.

इंडक्शनची दुसरी अडचण भिंतीत असते. शेगडीवर दोन हजार वॅट लिहिलेलं असेल तर पूर्ण आचेवर ती जवळजवळ नऊ अँपिअर वीज ओढते. मोबाइल चार्जरसाठी असतो तो साधा सॉकेट पाच-सहा अँपिअरचा. त्यात ॲडॉप्टर घालून शेगडी लावली तर ती चालते, आणि चालते म्हणूनच माणूस फसतो. थोड्या दिवसांनी सॉकेट हाताला गरम लागतो, मग प्लास्टिक पिवळं पडतं, मग जळका वास येतो. ओट्याजवळ जाड पिनांचा पॉवर पॉइंट आहे का, हे भाडेकरार करण्याआधी बघ. नसेल तर घरमालकांकडून बसवून घे. ही मागणी करारावर सही होण्याआधीच ऐकली जाते.

गॅस असेल तर गोष्टी सोप्या आहेत. स्वतःच्या नावाने जोडणी नसली तरी पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्र दाखवून वितरकाकडे मिळतो, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही. रस्त्याकडेला भरून मिळणाऱ्या बिनशिक्क्याच्या टाकीच्या वाटेला मात्र जाऊ नकोस. सिलिंडर जमिनीवर उभा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंच, ओट्यावर, अशीच मांडणी हवी. हा गॅस हवेपेक्षा जड असतो; गळला तर वर न जाता जमिनीलगत साठतो. वास आला की रेग्युलेटर बंद कर, खिडकी-दार उघड आणि दिव्याच्या किंवा पंख्याच्या बटणाला हात लावू नकोस, कारण बटणाची ठिणगीही पुरते. आधीच्या भाडेकरूची नळी तशीच जोडलेली असेल तर तिच्यावरची तारीख वाच. पाच वर्षांहून जुनी असेल तर बदल. नवी जोडल्यावर साबणाचा फेस सांध्यांवर लावून बुडबुडे येतात का ते पाहा.

आता कुकर. तुझ्या स्वयंपाकघरात पैसे खर्च करायची पहिली वस्तू हीच. यात डाळ, भात, बटाटे, कडधान्यं, उसळी सगळं होतं आणि गॅसही वाचतो. पुण्यात उघड्या पातेल्यात पाणी साधारण 98 अंशांना उकळतं, शंभरालाही पोचत नाही, कारण आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून थोडं अधिक उंचीवर आहोत. बंद कुकरात वाफ कोंडते, दाब वाढतो आणि पाणी 120 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. हे वीस-बावीस अंश तुरीच्या डाळीला फार मोठे. उघड्यावर जी डाळ तासभर घेते ती कुकरात बाहेर पडून चहा पिऊन येईस्तोवर शिजते.

एकट्याला किंवा दोघांना तीन लिटरचा कुकर पुरतो. तो उंच घे, पसरट हंडीसारखा नको, कारण तुला आत एकावर एक दोन डबे ठेवायचे आहेत. दुकानात लाजू नकोस. डबे आत ठेवून, झाकण लावून, बसतं का ते तिथेच बघ. झाकण आतून बसणारं घ्यायचं की बाहेरून, यावर घराघरांत वाद आहेत. आतल्या झाकणाला वाफ आतूनच वर दाबून धरते, त्यामुळे वाफ जिरल्याशिवाय ते निघतच नाही. नवशिक्याला ही गोष्ट फार बरी. मात्र त्याचं तोंड अरुंद असतं, घासायला हात अडतो. बाहेरच्या झाकणाच्या कुकरात डबे ठेवणं-काढणं सोपं, पण रिंग आणि झाकणाची खाच नीट जुळवावी लागते. माझ्या मते तू आतल्या झाकणाचा घे. कोणताही घेतलास तरी आयएसआयचा शिक्का हवाच. 2021 पासून घरगुती कुकरला तो कायद्याने सक्तीचा आहे, तरीही बिनशिक्क्याचे कुकर विकले गेल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने विक्रेत्यांना नोटिसा दिल्या होत्या. ऑनलाइन स्वस्तातला दिसला की आधी शिक्का शोध.

पहिल्या संध्याकाळचा कुकर कसा लावायचा ते सांगते. आधी घरातली एक वाटी माप म्हणून ठरव आणि तीच कायम ठेव. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’त मापं वाटी-चमच्यांची आहेत, त्यामुळे पुढे ते पुस्तक हाताशी घेतलंस तर हीच वाटी कामाला येईल. अर्धी वाटी तूरडाळ दोन-तीन पाण्यांनी धू आणि अर्धा तास भिजत ठेव. मग ते पाणी काढून खालच्या डब्यात डाळ, दीड वाटी पाणी, चिमूटभर हळद, हिंग आणि चार थेंब तेल घाल. तेलामुळे फेस कमी येतो. डाळीच्या डब्यावर ताटली ठेव. वरच्या डब्यात एक वाटी तांदूळ आणि दोन वाट्या पाणी. तांदूळ नवा असेल तर पाणी पाव वाटीनं कमी कर, नाहीतर भात गिजका होतो. कुकरच्या बुडाशी जाळी ठेवून पेलाभर पाणी ओत. हे पाणी राहिलं तर डाळ-भात होणार नाही आणि कुकरही जाईल, तेव्हा इतर काहीही विसरलास तरी हे विसरू नकोस.

झाकण लावण्याआधी एक सवय लाव: वाफेची नळी उजेडाकडे धरून तिच्यातून आरपार बघ. डाळीचं साल किंवा तांदळाचा दाणा तिथे अडकला तर वाफेला वाट राहत नाही. मग शिट्टी बसव आणि गॅस मोठा कर. पहिली शिट्टी झाली की आच बारीक कर आणि तिथून आठ-दहा मिनिटं मोज. ‘तीन शिट्ट्या’ किंवा ‘चार शिट्ट्या’ हे माप घराघरांत चालतं, पण शिट्टी म्हणजे घड्याळ नव्हे. गॅस मोठा असला की त्याच तीन शिट्ट्या भराभर होतात आणि डाळ कच्ची राहते. कुकर भरलेला की अर्धा यावरही त्या बदलतात. पहिल्या शिट्टीनंतरची मिनिटं मात्र सहसा दगा देत नाहीत. गॅस बंद केल्यावर कुकर तसाच राहू दे. दहा मिनिटांत वाफ आपोआप जिरते आणि तेवढ्या वेळात आतलं शिजणंही चालू असतं. नळाखाली धरून झाकण उघडायची घाई केलीस तर भात वरून फुटतो आणि डाळ उसळून भिंतीवर जाते.

कुकर बिघडतोय हे कसं कळतं? वाफ झाकणाच्या कडेने फुसफुस बाहेर येते आणि शिट्टी होतच नाही, तेव्हा बहुतेक वेळा रबरी रिंग कडक झालेली असते. तात्पुरतं ती गार पाण्यात पाच मिनिटं ठेवून लाव, पण नवी आणायचीच. रिंग त्याच कंपनीची आणि त्याच मापाची हवी, म्हणून कुकर घेतानाच एक जादा रिंग घे. जर आधी शिट्ट्या होऊन मग बंद पडल्या आणि करपल्याचा वास आला, तर बुडातलं पाणी आटलेलं आहे. अशा वेळी झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून वाफ सोडतो. तो उडाला म्हणजे कुकर खराब झाला असं नाही. त्याने आपलं काम केलं. पण तिथे भलताच तुकडा बसवायचा नाही, मूळचाच आणायचा.

डाळ शिजली की नाही हे शिट्टीवरून नाही, दाण्यावरून बघ. दाणा दोन बोटांत धर. दाबताच पीठ झालं तर ठीक. वर पाणी आणि खाली डाळ असे दोन थर राहिले, घोटूनही एकजीव होईना, तर तीन कारणं संभवतात. डाळ जुनी असेल. किंवा पाणी बोअरचं, क्षारांचं असेल. पुण्याच्या उपनगरांत टँकर आणि बोअरवर जगणाऱ्या सोसायट्यांत हे होतं. किंवा तू चिंच-आमसूल आधीच घातलं असशील. आंबट आणि कॅल्शियम दोन्ही डाळीचं कवच घट्ट करतात, त्यामुळे आंबट नेहमी डाळ शिजल्यावर घालायचं. क्षारांच्या पाण्यावर इलाज म्हणजे शिजवायला पिण्याचं पाणी वापरायचं.

कुकरनंतर तवा. इथे मी जरा हट्टी आहे: नॉनस्टिक नको, लोखंडी घे. नॉनस्टिकचा थर धिरड्या-ऑम्लेटला सोयीचा आहे हे मान्य. पण पोळीला तवा चांगला तापवून लागतो आणि तो पहिली पोळी लाटून होईपर्यंत रिकामाच आचेवर असतो. रिकामं नॉनस्टिक मोठ्या आचेवर 260 अंशांच्या पुढे गेलं की थर खराब व्हायला लागतो आणि त्याचा धूर चांगला नसतो. घासणी आणि लोखंडी उलथनं लागून तो खरवडला जातो ते वेगळंच. लोखंडी तवा एकदा घेतलास की तो तुझ्या पुढच्या तीन-चार खोल्यांत तुझ्याबरोबर येईल.

दुकानात तवे ढिगानं असतात. पत्र्याचा पातळ तवा हातात हलका लागतो; तो नको. तो झटकन तापतो आणि झटकन निवतो, शिवाय ज्योत जिथे लागते तिथेच पोळी जळते. बिडाचा तवा त्याच्या अगदी उलट, जड आणि आच धरून ठेवणारा. घावन, आंबोळी, डोसा त्यावर उत्तम होतात, पण हातातून पडला तर तो तडकू शकतो आणि तापलेला असताना गार पाणी ओतलं तरी धोका. पोळीसाठी मधला, जाड लोखंडी, किंचित खोलगट, वीतभराहून थोडा मोठा म्हणजे पंचवीस-सव्वीस सेंटीमीटरचा तवा घे. इंडक्शनवर मात्र सपाट बुडाचाच लागेल, खोलगट तिथे नीट तापत नाही.

नवा तवा लगेच वापरायला काढायचा नसतो. त्याला गंज येऊ नये म्हणून कारखान्यात तेलाचा किंवा लाखेचा हात दिलेला असतो. तो गरम पाणी, साबण आणि काथ्यानं घासून काढ, पाणी काळं यायचं थांबेपर्यंत. फडक्यानं पूस आणि गॅसवर ठेवून पूर्ण कोरडा कर. मग खाण्याचं तेल अगदी अर्धा चमचा घेऊन दोन्ही बाजूंना, कडेलाही चोळ. आणि आता खरी मेख: कोरड्या फडक्यानं ते तेल पुसून टाक, जणू लावलंच नव्हतं अशा बेतानं. तवा मध्यम आचेवर ठेव. थोडा धूर यायला लागला की दोन-तीन मिनिटांनी गॅस बंद कर आणि तवा आपोआप निवू दे. हेच तीन-चार वेळा कर. दर खेपेला तव्याचा करडा रंग तपकिरी, मग काळसर होत जातो. तेल तापून लोखंडावर कडक, कोरडा थर धरतं. पोळी न चिकटण्याचं कारण तोच. शेवटी एक कांदा जाडसर चिरून त्यावर मोठ्या आचेवर परत आणि तो टाकून दे.

तेल जास्त राहिलं तर थर कडक होत नाही, बोटाला चिकट लागतो. घाबरायचं कारण नाही. जाड मीठ आणि काथ्या घेऊन घास आणि पुन्हा पातळ हात दे. गंज आला तरी तोच इलाज. तव्यावर टोमॅटो, चिंच, लिंबू शिजवायचं नाही, आंबटानं हा थर सुटतो. रोजच्या वापरानंतर साबण फारसा लागत नाही. गरम पाण्यानं धू, आचेवर कोरडा कर आणि तेलाचं बोट फिरवून उभा ठेव. भांडी घासायला मावशी येत असतील तर त्यांना हे पहिल्याच दिवशी सांग, नाहीतर तवा तारेच्या घासणीनं चकचकीत होऊन परत येईल आणि दुसऱ्या दिवशी पोळी चिकटेल.

पोळी टाकायच्या आधी तवा किती तापला हे बघायला कोरड्या पिठाची चिमूट टाक. पीठ पांढरंच पडून राहिलं तर अजून थांब. पडताक्षणी काळं झालं तर आच कमी कर. सावकाश बदामी झालं तर पोळी घाल. पोळी वातड होते तेव्हा माणसं कणकेला दोष देतात. पण बऱ्याचदा तवा गार असतो, पोळी त्यावर फार वेळ पडून राहते आणि पाणी आटून वाळते.

पोळपाट लाकडी घे, तीन पायांचा, आणि दुकानातल्या फरशीवर ठेवून डुगडुगतो का ते बघ. लाटणं सपाट काउंटरवर ढकलून दे. सरळ असेल तर डगमग न करता गडगडत जाईल. वाकडं असेल तर उड्या मारेल, आणि त्यानं लाटलेल्या पोळीला नकाशाचे कोपरे येतील, कितीही सराव केलास तरी. परात मात्र मोठी घे. लहान परातीत मळताना पीठ ओट्यावर सांडतं.

कढई एकच घे, दोन लिटरच्या आसपासची. हिच्यावर भाज्या, पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी सगळं निघतं. बूड जाड हवं, एवढीच अट. पातळ स्टीलच्या कढईत फोडणीतली मोहरी एका बाजूला तडतडते आणि दुसऱ्या बाजूला जळते, कारण स्टील उष्णता सगळीकडे पसरवत नाही. म्हणूनच हल्ली दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियम घातलेली ट्रायप्लाय भांडी येतात. ती चांगली असतात, महागही असतात. परवडली तर घे. नाहीतर जाड लोखंडी कढई. तिला तव्यासारखंच तयार करायचं आणि त्यात भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची. रात्रभर ठेवलीस तर भाजी काळी पडते आणि तोंडाला लोखंडाची चव लागते. आमटी, सार, टोमॅटोची भाजी यांसाठी एक झाकणाचं स्टीलचं पातेलं ठेव. आंबट पदार्थ त्यातच कर, ॲल्युमिनियममध्येही नको.

दुसरं एक छोटं पातेलं फक्त दुधासाठी, आणि हे मी बजावून सांगते. त्यात कधी वरण तापवलंस किंवा ताक काढलंस तर नीट न निघालेल्या आंबटाच्या अंशानंही पुढचं दूध नासतं. चहाचं पातेलं वेगळं असेल तर उत्तम. फोडणीसाठी लांब दांड्याचं लोखंडी कढलं घेतलंस तर वरणावर वरून फोडणी घालता येईल. तेल कमी लागतं, आणि मोहरी तडतडली की कढलं गॅसवरून उचलून मग हळद-हिंग घालता येतं, जळत नाही.

सुऱ्यांचा तो ठोकळा नको म्हटलं त्याला कारण आहे. तुला लागणार एकच सुरी, साधारण सहा इंचांच्या पात्याची, आणि सोलायला एक छोटी. उरलेल्या चार ठोकळ्यातच बोथट होतात. विळी मी मानते, वर्गात शिकवतेही. जमिनीवर बसून खोबरं खोवायला आणि पालेभाजी चिरायला तिच्याइतकी सुटसुटीत दुसरी वस्तू नाही. पण तुझ्या खोलीत खाली बसायची जागा नाही आणि ओट्यावर ती धोक्याची आहे. सुरीसाठी लाकडाचा किंवा प्लास्टिकचा पाट घे आणि त्याखाली ओलं फडकं अंथर म्हणजे तो सरकणार नाही. काचेच्या पाटावर किंवा थेट ग्रॅनाइटवर चिरलंस तर सुरी आठवड्यात बोथटते. बोथट सुरी टोमॅटोच्या सालीवर दबते, घसरते आणि मग बोटात जाते. धारदार सुरी नुसत्या वजनानं साल कापते. दर रविवारी टोमॅटोवर हीच परीक्षा घे. धार गेली असेल तर चिनी मातीचा कप पालथा घाल. त्याच्या बुडाला खरखरीत, बिनचकाकीची कडी असते, तिच्यावर पातं तिरपं धरून एका बाजूनं आठ-दहा वेळा आणि दुसऱ्या बाजूनं तितकंच ओढ. धारवाला दारावर येईपर्यंत एवढं पुरतं.

बाकीचं थोडक्यात. उलथनं, पळी, भातवाढणी, चिमटा आणि मजबूत सांडशी. सांडशी दुकानात एखादं भरलेलं भांडं उचलून पाहून घे, सैल खिळ्याची सांडशी सरळ परत कर. गाळणं, एक चाळणी, किसणी, मिसळणाचा डबा, आणि सुती फडकी भरपूर. खलबत्ता घे, आलं-लसूण, वेलदोडे, मूठभर दाण्यांचं कूट त्यात होतं. मिक्सर दोन-तीन महिने थांबू दे. चटण्या आणि ओलं वाटण लागतंय असं तुला स्वतःला वाटायला लागलं की मग घे. एअर फ्रायरबद्दल मी बोलणार नाही, तू वर्ग संपल्यावर ठरव.

खरेदीला तुळशीबाग किंवा बोहरी आळी. कुकर आणि गॅसची नळी शिक्का आणि पावती बघून घे. परात, पातेली अशी स्टीलची भांडी वजनावर देणारी दुकानंही आहेत. तिथे जडपणा थेट काट्यावर दिसतो. खलबत्त्यासाठी बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारलीस तर जुना पितळी किंवा लोखंडी मिळू शकतो. सगळं एकाच दिवशी आणू नकोस. पहिल्या आठवड्यात आच, कुकर, तवा, पोळपाट-लाटणं, परात, एक पातेलं आणि सुरी. पगार झाला की कढई, कढलं आणि मिसळणाचा डबा. तोवर भाजी पातेल्यातच कर, पोह्यांची फोडणी जरा जपून दे.

पहिल्या तासाला येताना नवा तवा घासून, कोरडा करून आण. तेल मात्र घरी लावू नकोस, ते आपण वर्गात लावू. आणि कुकर आणायची गरज नाही, त्याचं झाकण आणि रिंग तेवढी पिशवीत टाक.